उन्हाळ्यातला स्लॅब : पहिल्या सहा तासांची प्रस्तावना

पावसाळ्याच्या पहिल्या सरींत गळू लागणाऱ्या अनेक नव्या स्लॅबांची भेग आदल्या एप्रिल-मेमध्ये पडलेली असते, आणि तीही काँक्रीट अजून ओले, मऊ, बोट रुतेल अशा अवस्थेत असताना. घरमालकाला ती दिसते तेव्हा दोष सिमेंटच्या कंपनीला, वाळूला किंवा गवंड्याच्या हाताला दिला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे करून पाणी भरलेले असते, दहा दिवस ते नेमाने टिकवलेलेही असते. तरी भेग पडते, कारण पाणी भरण्याआधीच ती पडून गेलेली असते. उन्हाळी काँक्रीटच्या अभ्यासात पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाने एवढे एक ध्यानात ठेवले, तर पुढचे सारे या धाग्यावर ओवता येते : स्लॅबचे भवितव्य ठरवणारी वेळ म्हणजे ओतल्यापासूनचे पहिले चार ते सहा तास, आणि आपल्याकडच्या बहुतेक कामांवर नेमक्या याच तासांत स्लॅबकडे पाहायला कोणी नसते.

त्या तासांत काय घडते ते आधी पाहू. काँक्रीट ओतून, व्हायब्रेटर फिरवून, रंधा मारून झाला की खडी, वाळू आणि सिमेंटचे कण आपल्या वजनाने हळूहळू खाली बसू लागतात आणि त्यांच्यामधले पाणी वर येते. स्लॅबवर चकाकणारा पाण्याचा पातळ थर दिसतो तो हाच. याला कामावर ब्लीडिंग म्हणतात. साध्या काँक्रीटमध्ये एका चौरस मीटरवर तासाला साधारण अर्धा ते दीड लिटर पाणी असे वर येते. त्याच वेळी हवा ते पाणी उडवून नेत असते. वर येणारे पाणी उडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे तोवर स्लॅब सुरक्षित आहे. उडणे पुढे गेले की पृष्ठावरची चकाकी जाते आणि पाण्याची पातळी वरच्या कणांच्या फटींत उतरते. प्रत्येक फटीत पाण्याची अंतर्वक्र कड तयार होते, आणि पृष्ठताणामुळे ती कड शेजारच्या कणांना एकमेकांकडे ओढू लागते. फटी जितक्या बारीक तितकी ओढ मोठी. वरचा थर आक्रसू पाहतो. खालचे काँक्रीट आणि सळया त्याला आक्रसू देत नाहीत. ताण सोसण्याची ताकद त्या घटकेला जवळपास शून्य असते, म्हणून थर फाटतो. ही झाली प्लॅस्टिक आकुंचनाची भेग. नावातल्या प्लॅस्टिकचा अर्थ इतकाच, की काँक्रीट तेव्हा अजून आकार घेण्याजोगे मऊ असते.

या उलगड्यातून निघणारी पहिली गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. भेगेचे कारण थेट तापमान नाही. पाणी उडण्याचा वेग हे कारण आहे, आणि तो चार गोष्टींवर ठरतो : काँक्रीटचे स्वतःचे तापमान, हवेचे तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. दोरीवरचे कपडे दमट मे महिन्यापेक्षा कोरड्या, वाऱ्याच्या फेब्रुवारीत लवकर वाळतात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. स्लॅबलाही तोच हिशेब लागू होतो. अमेरिकेत मेन्झेल यांनी १९५४ साली या चार घटकांची सांगड घालून बाष्पीभवनाचा अंदाज मांडला. लर्च यांनी १९५७ साली प्लॅस्टिक आकुंचनाच्या भेगांचा संबंध याच वेगाशी जोडून दाखवला. मेन्झेल यांच्या मांडणीवरून तयार झालेला आलेख अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या उन्हाळी कामाच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षे छापला जातो. १९९८ साली पॉल उनो यांनी तो आलेख एका ओळीच्या सूत्रात आणला :

```
E = 5 × [(Tc + 18)^2.5 − r × (Ta + 18)^2.5] × (V + 4) × 10^-6
```

यात E म्हणजे तासाला एका चौरस मीटरवरून उडणारे पाणी किलोमध्ये, Tc काँक्रीटचे आणि Ta हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये, r म्हणजे सापेक्ष आर्द्रता अपूर्णांकात (२० टक्के म्हणजे ०.२), आणि V म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये. मोबाइलवरच्या गणकयंत्रावर हे दोन मिनिटांत सुटते. उत्तर १ च्या आसपास किंवा वर आले तर खास काळजी घेतल्याशिवाय काम करू नये, हा रूढ संकेत आहे. ज्या काँक्रीटमध्ये ब्लीडिंग कमी होते, म्हणजे फ्लाय अ‍ॅश जास्त असलेल्या किंवा सिलिका फ्यूम घातलेल्या मिश्रणात, तिथे सावध होण्याची रेषा निम्म्यावर, ०.५ च्या सुमाराला धरलेली बरी. आज गावोगावच्या दुकानांत मिळणारे सिमेंट बहुधा फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेले असते, म्हणून ही रेषा फक्त मोठ्या पुलांच्या कामापुरती राहिलेली नाही.

आता हे सूत्र आपल्या नकाशावर ठेवून पाहू. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी हवा ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के, समुद्रावरून येणारा वारा ताशी २० किलोमीटर आणि काँक्रीटही ३४ अंश धरले, तर उत्तर येते ०.८. पुण्यात फेब्रुवारीच्या सुखद दुपारी हवा २८ अंश, आर्द्रता २५ टक्के, वारा १५ आणि काँक्रीट ३० अंश धरले, तर उत्तर १.२ च्या जवळ जाते. घामाने निथळणाऱ्या मुंबईपेक्षा पुण्याच्या प्रसन्न हवेत स्लॅबला धोका अधिक! आपले आयएस ७८६१ हे उन्हाळी काँक्रीटचे मानक १९७५ सालचे आहे. त्यात उन्हाळी काम म्हणजे हवा ४० अंशांच्या वर असताना केलेले, किंवा ओततेवेळी काँक्रीट ४० अंशांच्या वर जाईल असे काम, अशी व्याख्या आहे. मिसळण्याच्या आणि ओतण्याच्या अडचणींसाठी ती रेषा ठीक आहे. भेगेच्या बाबतीत मात्र निव्वळ तापमापकावर बेतलेली व्याख्या अपुरी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याचा तो फेब्रुवारी तिच्यात कुठेच बसत नाही. अमेरिकन मार्गदर्शिका उष्णता, कोरडेपणा, वारा आणि ऊन यांच्या कोणत्याही घातक मिलाफाला उन्हाळी हवा मानते, आणि अभ्यासकाने तीच दृष्टी धरावी.

हे सगळे एका ठोस उदाहरणातून पुढे नेऊ. चंद्रपुरात मे महिन्यात एका घराचा स्लॅब टाकायचा आहे, असे समजा. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, जाडी १२५ मिलिमीटर. तुळयांचे सोडले तर काँक्रीट दहा घनमीटर लागेल. एम २० चे नेहमीचे मिश्रण, म्हणजे साधारण ऐंशी पोती सिमेंट. दुपारी हवा ४३ अंश, आर्द्रता २० टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर. त्या भागासाठी हे आकडे मुळीच टोकाचे नाहीत.

पहिला प्रश्न मिक्सरमधून बाहेर पडणारे काँक्रीट किती तापलेले असेल हा. आयएस ४५६ च्या कोष्टकाप्रमाणे एम २० च्या एका पोत्याला, म्हणजे ५० किलो सिमेंटला, खडी आणि वाळू मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. एक किलो पाणी एक अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते तिच्या साधारण ०.२२ पट उष्णता एक किलो खडी, वाळू किंवा सिमेंटला लागते. म्हणून प्रत्येक घटकाचे वजन, त्याचे तापमान आणि हा गुणक यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि तिला एकूण उष्णताधारणेने भागायचे. उन्हात पडलेली खडी-वाळू ४२ अंश, सिमेंट ५० अंश आणि छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी ३८ अंश धरले, तर काँक्रीट निघते जवळजवळ ४२ अंशांचे. सूत्रात हे घातले की दुपारच्या हवेत बाष्पीभवन २.१ किलो येते, म्हणजे ब्लीडिंग कितीही चांगले असले तरी त्याला मागे टाकणारे.

आता एकेक घटक थंड करून पाहू. सिमेंट दहा अंशांनी थंड मिळाले तर काँक्रीट जेमतेम एका अंशाने उतरते. गरम सिमेंटबद्दल कामावर बरीच कुरकुर होते. ती करावी, पण तिथे फारसे हाती लागत नाही. खडी-वाळूचे वजन सिमेंटच्या पाचपट असल्याने तिथे नेमका हात पोहोचतो. ढिगांवर गवताचे किंवा हिरव्या जाळीचे छप्पर घालून खडीवर अधूनमधून पाणी शिंपडत राहिले आणि ती ३४ अंशांवर आणली, तर काँक्रीट ३७ वर येते. कोरड्या हवेत शिंपडलेले पाणी उडताना खडीची उष्णता घेऊन जाते. विदर्भाचा जो कोरडेपणा स्लॅबवर वैरी आहे, तोच खडीच्या ढिगावर मदतीला येतो. मग पाणी. आदल्या रात्री भरलेल्या, सावलीत ठेवलेल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पिंपांत ते २६ अंशांवर राखता आले, तर काँक्रीट ३३ च्या थोडे वर येऊन थांबते. एवढ्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त आदल्या दिवशीची आठवण लागते. यापुढे बर्फ. ३० लिटरपैकी ५ लिटर पाण्याऐवजी ५ किलो फोडलेला बर्फ घातला, तर आणखी साडेपाच अंश उतरतात, कारण बर्फ वितळताना स्वतःच्या वजनाच्या मानाने फार मोठी उष्णता शोषतो. बर्फ पाण्यातच मोजायचा, पाण्याशिवाय वेगळा नाही, आणि मिक्सरमधून माल बाहेर पडण्याआधी तो पूर्ण वितळलेला हवा. नाहीतर त्याच्या जागी काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात.

इथे एक सूक्ष्म सापळा आहे. शिंपडलेली खडी ओली असते. खडी आणि वाळू मिळून वजनाच्या एक टक्का पाणी पृष्ठावर घेऊन आली, तरी पोत्यामागे अडीच लिटर पाणी आपोआप आत येते, आणि तेवढे ३० लिटरमधून कमी करावे लागते. ते कोणी करत नाही. उलट उन्हात माल लवकर घट्ट होतो म्हणून मुकादम आणखी पाणी ओतायला सांगतो. तीसचे पस्तीस लिटर झाले की पाणी-सिमेंटचे गुणोत्तर ०.६० वरून ०.७० वर जाते. काँक्रीट सैल ओतले जाते, पुढे आक्रसते जास्त आणि ताकद कमी देते. माल कमी काळ सैल राहतो हा उन्हाळ्याचा खरा त्रास आहे, पण त्यावर पाणी हा उपाय नाही. मिश्रण थंड ठेवणे, वाहतुकीचे अंतर आणि वेळ कमी करणे, आणि प्रमाणात घातलेले रसायन हेच उपाय.

रसायनांबद्दल एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. काँक्रीटचे जमणे लांबवणारे रसायन, रिटार्डर, रेडिमिक्सच्या गाडीतून येणाऱ्या मालाला अनेकदा आवश्यक असते. पण जमणे लांबले म्हणजे स्लॅब मऊ राहण्याचा काळही लांबला. तेवढा वेळ पृष्ठ उघडे पडून राहिले तर भेगेची शक्यता वाढतेच. रिटार्डर वापरणाऱ्याने पृष्ठ झाकण्याची तयारी दुप्पट ठेवावी. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू पोत्यामागे सव्वाशे ग्रॅम घातल्याने भेगा बारीक राहतात आणि कमी पडतात, हा अनुभव सर्वत्र आहे. त्यांचा उपयोग नक्की करावा, मात्र झाकण्याच्या ऐवजी नाही.

आता ओतण्याकडे. सकाळी दहाला उन्हात तापलेल्या लोखंडी प्लेटांना हात लावून पाहा, हात टेकवत नाही. सळयाही तशाच. थंड केलेले काँक्रीट अशा साच्यात ओतले की खालून उष्णता घेते आणि सळयांलगतचा माल आधी घट्ट होतो. म्हणून ओतण्याच्या थोडे आधी साच्यावर आणि सळयांवर पाणी मारून त्या थंड कराव्यात, आणि साचलेले पाणी काढून टाकावे. साचलेले पाणी राहिले तर तेवढ्या जागचे काँक्रीट पातळ होते. लाकडी फळ्या कोरड्या असतील तर त्या काँक्रीटमधले पाणी शोषतात, म्हणून त्या आधीच भिजवून ठेवाव्यात.

आणि वेळ. माझ्या मते उन्हाळी कामाचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित निर्णय आहे. एक पोत्याचा मिक्सर तासाला साधारण बारा पोती उडवतो असे धरले, तर आपल्या ऐंशी पोत्यांना पावणेसात तास लागतील. आपल्याकडे सकाळी सातला नारळ फुटतो आणि दुपारी पावणेदोनला शेवटचे घमेले रिकामे होते. ऊन तापायच्या आत काम सुरू केले, असे सर्वांना समाधान असते. पण हिशेब ओतण्याच्या वेळेचा नसून ओतल्यानंतरच्या चार-सहा तासांचा आहे. सकाळी नऊला ओतलेल्या पट्ट्याचे नाजूक तास नऊ ते दोन, आणि दुपारी एकला ओतलेल्याचे एक ते सहा. म्हणजे सगळा स्लॅब आपले सर्वांत हळवे तास दिवसाच्या सर्वांत क्रूर वेळेत काढतो. तेच काम संध्याकाळी सहाला सुरू केले तर पाऊण वाजता संपते, आणि प्रत्येक पट्ट्याचे नाजूक तास रात्रीत जातात. ३३ अंशांचे काँक्रीट, रात्रीची हवा ३२ अंश, आर्द्रता ३५ टक्के, वारा ६ किलोमीटर धरून बाष्पीभवन ०.६ येते. दुपारच्या २.१ शी ते ताडून पाहावे.

पण रात्र हा मंत्र नव्हे. त्याच रात्री वारा १५ किलोमीटरचा सुटला तर उत्तर पुन्हा १.२ वर जाते. चंद्रपुरात संध्याकाळी सातलाही हवा ३९ अंश असू शकते, त्यामुळे पहिल्या दोन तासांतल्या पट्ट्यांना विशेष जपावे लागते. उलट, काही कारणामुळे दिवसा काम करणे भाग असेल तरी मार्ग बंद होत नाही. काँक्रीट ३३ वर आणल्याने दुपारचे उत्तर २.१ वरून १.२ होते. वाऱ्याच्या बाजूला जाळी किंवा ताडपत्री बांधून पृष्ठावरचा वारा १५ वरून ६ वर आणला तर ते ०.६५ च्या खाली येते. वर हिरव्या जाळीची सावली केली तर उन्हाने पृष्ठ वेगळे तापणेही टळते, जे या सूत्रात धरलेलेच नाही. चारपैकी हवेचे तापमान आणि आर्द्रता आपल्या हातात नाहीत. काँक्रीटचे तापमान आणि वारा आहेत, आणि तेवढ्यावर स्लॅब वाचतो.

हवामानाचे आकडे नसतील तर कामावरच मोजण्याची एक भरड पद्धत आहे. साधारण ३० सेंटिमीटर बाय ३३ सेंटिमीटरची पसरट, काठ कमी उंच असलेली थाळी घ्यावी. तिचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या दहाव्या भागाएवढे होते. तिच्यात काँक्रीटच्या तापमानाचे पाणी घालून ती स्लॅबच्या उंचीवर, त्याच उन्हावाऱ्यात ठेवावी. तासाभराने किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १०० ग्रॅम घट दिसली की उत्तर १ आहे असे समजावे. प्रयोगशाळेचे सूक्ष्मपण यात नाही, पण २ आणि अर्धा यातला फरक ती थाळी नक्की सांगते.

ओतून, सपाट करून झालेल्या पट्ट्याचे पुढे काय, हा या शास्त्राचा गाभा आहे. चकाकी असेपर्यंत पृष्ठाला हात लावू नये, आणि वर आलेले पाणी थापीने आत घोटू नये. तसे केले की वरचा थर दुबळा होतो आणि पुढे धुळीसारखा सुटतो. चकाकी जाऊ लागली की धुक्यासारखा अतिशय बारीक फवारा हवेत उडवावा, पंपाचा नोझल वर करून, जेणेकरून पृष्ठालगतची हवा ओली राहील. पाइपने धार सोडणे इथे घातक आहे. रंधा आणि थापीचे शेवटचे काम होताच तो पट्टा पांढऱ्या पॉलिथिनने झाकावा. काळे पॉलिथिन दिवसा स्वतः तापते. कडांवर फळ्या ठेवाव्यात, नाहीतर वारा खालून शिरतो आणि झाकलेल्या जागेतून कोरडी हवा फिरत राहते, म्हणजे न झाकल्यासारखेच. पट्टा दोन मीटरचा संपला की दोन मीटर झाकायचे. सगळा स्लॅब संपेपर्यंत थांबले तर पहिल्या पट्ट्याचे सहा तास उलटून गेलेले असतात. पृष्ठावर पसरल्यावर पाण्याचे उडणे मंदावणारी, एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा करणारी द्रव्येही मिळतात. मोठ्या कामांवर रंध्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळासाठी ती फार उपयोगी ठरतात.

पृष्ठ बोटाने दबत नाहीसे झाले की पॉलिथिन काढून ओले गोणपाट अंथरावे, आणि सकाळी वाफे करून पाणी भरावे. आयएस ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी मागते. मिश्र सिमेंटसाठी ते चौदा दिवसांपर्यंत वाढवावे. गोणपाट दुपारी वाळते आणि संध्याकाळी पुन्हा भिजते, अशी ये-जा स्लॅबला पाणी न मिळण्याइतकीच वाईट आहे. पाणी काँक्रीटपेक्षा फार थंडही नको. अकरा अंशांहून जास्त फरक पडला तर पृष्ठाला अचानक आक्रसण्याचा झटका बसतो. दुपारी खोल बोअरचे थंड पाणी तापलेल्या स्लॅबवर थेट सोडू नये ते यासाठी.

तरी भेग पडलीच तर ती कोणत्या कुळातली हे ओळखता आले पाहिजे. प्लॅस्टिक आकुंचनाच्या भेगा पहिल्या काही तासांतच दिसतात. बहुधा स्लॅबच्या कडांशी तिरप्या, एकमेकींना समांतर, फूटभर ते तीन फूट अंतरावर असतात, क्वचितच कडेपर्यंत पोहोचतात, आणि वर रुंद असतात. पातळ स्लॅबमध्ये त्या आरपार जातात, आणि जूनमध्ये गळतात त्या याच. याच तासांत दुसरी एक भेग पडते : काँक्रीट खाली बसताना सळई त्याला अडवते आणि वरच्या बाजूला सळईच्या रेघेतच चीर उमटते. भेगेची रेघ सळयांच्या जाळीवर बसत असेल तर कारण खाली बसणे आहे, आणि तिथे कव्हर, व्हायब्रेटर आणि सैल माल तपासावा. महिन्यांनंतर उमटणाऱ्या भेगांचे घराणेच वेगळे आहे. त्यांचे मूळ सुकण्यात, तापमानाच्या चढउतारात किंवा भारात शोधावे लागते.

काँक्रीट अजून मऊ असताना भेग दिसली तर ती बुजवता येते. त्या जागी रंधा जोराने दाबून पुन्हा घोटावे, गरज वाटल्यास व्हायब्रेटर थोडा फिरवावा, आणि लगेच झाकावे. भेग तळापर्यंत एकजीव होते. पण माल आधीच जमला असेल तर सिमेंटची पातळ रबडी ओतून वरून सारवणे म्हणजे भेग लपवणे आहे. अशी सारवलेली भेग पहिल्या पावसात पुन्हा उघडते. जमलेल्या स्लॅबवरच्या भेगेला योग्य राळ किंवा ग्राउट वापरून रीतसर भरणे हाच मार्ग.

एका गोष्टीचा खुलासा करणे जरुरीचे आहे, कारण क्यूबच्या निकालांवरून गैरसमज होतात. उष्ण काँक्रीट सुरुवातीला लवकर ताकद पकडते, त्यामुळे तीन आणि सात दिवसांचे निकाल उन्हाळ्यात उत्तम दिसतात. क्लिगर यांनी १९५८ साली केलेल्या प्रयोगांनी दाखवले, की सुरुवातीला जास्त तापमानात वाढलेले काँक्रीट पुढे अठ्ठावीस दिवसांनंतर आणि त्याहून पुढे थंड हवेत वाढलेल्या काँक्रीटच्या मागे पडते. सिमेंटची अभिक्रिया घाईने झाली की कणांभोवती घट्ट कवच जमते आणि आतल्या सिमेंटपर्यंत पाणी पुरेसे पोहोचत नाही. शिवाय क्यूब प्रयोगशाळेच्या हौदात असतो आणि स्लॅब उन्हात. क्यूब चांगला आला म्हणून स्लॅब चांगला झाला, असा निष्कर्ष उन्हाळ्यात काढू नये.

या क्षेत्रात येणाऱ्या नव्या अभियंत्याला आणि घर बांधणाऱ्या मालकालाही माझी एक विनंती आहे. ठेकेदाराशी दर ठरवताना सिमेंटची पोती आणि सळयांचे टन जसे लिहून घेता, तसेच चार ओळी आणखी लिहून घ्या : संध्याकाळी काम सुरू करण्यासाठी दिव्यांची सोय, स्लॅबच्या क्षेत्रफळापेक्षा थोडे जास्त पांढरे पॉलिथिन, बारीक फवाऱ्याचा एक पंप, आणि रात्रभर स्लॅबजवळ राहून पट्टे झाकणारा एक माणूस, ज्याची मजुरी स्वतंत्र दिली जाईल. ऐंशी पोत्यांच्या स्लॅबवर या चारही गोष्टींचा खर्च गळती बुजवण्याच्या पहिल्या बिलापेक्षा कमी येतो.